कॅन्युला ७२ तासांनी बदलायचा की नाही: एका जर्नल क्लबची पूर्ण केस

पार्श्वभूमी

मी क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे, आणि ही गोष्ट आमच्या एका एमएससी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या स्टुडंटची आहे. तिला विचारूनच लिहितेय. नाव, हॉस्पिटल, वॉर्ड काही देत नाही कारण त्याची गरज नाही. आमच्याकडे महिन्यातून एकदा जर्नल क्लब असतो, चाळीस मिनिटं प्रेझेंटेशन आणि वीस मिनिटं प्रश्न. ऐकायला पीजी स्टुडंट्स असतात, दोनतीन वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर, इन्फेक्शन कंट्रोल नर्स, आणि ड्युटीतून सुटतील तेवढ्या स्टाफ नर्स.

विषय तिने स्वतः निवडला आणि का निवडला तेही सांगते. मेल मेडिसिनला पोस्टिंग असताना तिच्यासमोर एका सत्तरीच्या आजोबांचा कॅन्युला, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवलेली छोटी नळी, फक्त ७२ तास झाले म्हणून काढला. साईट एकदम स्वच्छ, लाली नाही, सूज नाही, सलाईन छान जात होतं. मग नवीन शीर मिळेना. चार वेळा टोचलं, शेवटी पायाला लावला. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त हात पांघरुणाखाली घेतला. ते तिच्या डोक्यात राहिलं. "मॅडम, हा नियम आला कुठून आणि त्याला पुरावा काय" असं विचारत ती माझ्याकडे आली.

पेपर सापडायला वेळ लागला नाही. २०१२ साली लॅन्सेटमध्ये आलेली क्लेअर रिकार्ड आणि सहकाऱ्यांची ट्रायल, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधली तीन हॉस्पिटलं. रिकार्ड स्वतः नर्स, म्हणजे नर्सने नर्सिंगच्या प्रश्नावर केलेली मोठी आरसीटी, पेशंट नशिबावर दोन ग्रुपमध्ये वाटून केलेली ट्रायल, आणि असे पेपर फार नसतात. आयव्ही चार दिवसांपेक्षा जास्त लागेल असं वाटतंय असे ॲडल्ट पेशंट घेतले. एका ग्रुपमध्ये दर तिसऱ्या दिवशी कॅन्युला बदलायचा, दुसऱ्यात कारण दिसलं तरच बदलायचा, म्हणजे दुखलं, लाल झालं, ब्लॉक झाला, टिश्यूत गेला तर. एकूण ३२८३ पेशंट, ५९०७ कॅन्युले. मुख्य आउटकम फ्लेबायटिस, म्हणजे शिरेचा दाह: दुखणं, लाली, सूज, पू, दोरीसारखी हाताला लागणारी शीर, यातली दोन किंवा जास्त लक्षणं, कॅन्युला असताना किंवा काढल्यावर ४८ तासांच्या आत.

अडचण कुठे होती

पहिला ड्राफ्ट घेऊन आली तेव्हा २६ स्लाईड होत्या. त्यातल्या २० पेपरचा सारांश, पाच इंट्रोडक्शन, आणि शेवटच्या एका स्लाईडवर लिहिलेलं: दोन्ही ग्रुपमध्ये फ्लेबायटिस ७ टक्के, पी व्हॅल्यू ०.६४, म्हणजे फरक नाही, म्हणून आपल्या हॉस्पिटलने ७२ तासांचा नियम बंद करावा.

मेहनत खूप होती त्यात, ते मान्यच. पण क्रिटिकल अप्रेझल त्यात नव्हतं. पेपरमध्ये काय लिहिलंय ते तिने सांगितलं होतं, पण त्यावर किती विश्वास ठेवायचा आणि आपल्या वॉर्डात ते लागू होतं का, हे दोन्ही राहिलं होतं. आणि त्या शेवटच्या स्लाईडमध्ये एक मोठी चूक होती जी मी दरवर्षी बघते, की पी व्हॅल्यू ०.०५ च्या वर म्हणजे दोन्ही उपचार सारखे. तसं नसतं. पी ०.६४ चा अर्थ एवढाच की फरक आहे असं दाखवता आलं नाही. दहादहा पेशंटची फालतू ट्रायल केली तरी पी ०.६४ येऊ शकतो, म्हणून काय ते सारखे ठरतात का?

समोर कोणते पर्याय होते

हातात दहा दिवस होते. एक पर्याय असा की पेपरच बदलायचा, कुठलातरी सोपा, ज्यात नवीन उपचार जुन्यापेक्षा चांगला का एवढंच बघितलंय. ही ट्रायल इक्विव्हॅलन्सची आहे, म्हणजे दोन पद्धती एकमेकींच्या पुरेशा जवळ आहेत का हे तपासणारी, आणि ती वाचायची पद्धत वेगळी. ती तयार नव्हती पेपर सोडायला, आणि मलाही वाटलं की प्रश्न तिचा खरा आहे तर राहू दे.

दुसरा प्रश्न चेकलिस्ट कुठली घ्यायची. तिने कॉन्सॉर्ट घेतली होती. बरेच जण घेतात, पण कॉन्सॉर्ट ही पेपर लिहिणाऱ्यांसाठी आहे, ट्रायल नीट रिपोर्ट झाली का ते बघायला. नीट लिहिलेली ट्रायल वाईटही असू शकते. मग जदाद स्कोअर काढून पाहिला. तो पाचपैकी असतो आणि त्यातले दोन मार्क डबल ब्लाईंडिंगला. आता कॅन्युला तिसऱ्या दिवशी बदलला की नाही हे पेशंटला दिसतं, नर्सला दिसतं, ते लपवणार कसं? म्हणजे नर्सिंगच्या बहुतेक ट्रायलना तो स्कोअर मुळातच कमी देणार आणि आपण "क्वालिटी मध्यम" असं लिहून मोकळे होणार, खरा दोष कुठे आहे ते न बघता. शेवटी कॅस्पची आरसीटी चेकलिस्ट ठरली, अकरा प्रश्नांची. पण मी अट घातली की अकराच्या अकरा प्रश्नांना सारखा वेळ द्यायचा नाही. जिथे या ट्रायलचं उत्तर अडतं तिथेच थांबायचं, बाकीचे एका स्लाईडवर.

तिसरा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा होता, शेवटी शिफारस काय करायची. नियम बदला, नियम ठेवा, की आधी स्वतःचा वॉर्ड बघा. तो मुद्दाम मोकळा ठेवला. अप्रेझल झाल्यावर ठरवू म्हटलं.

काय केलं: रँडमायझेशन आणि ते ९७ पेशंट

ती आकडे वहीत उतरवत होती आणि एकदम थांबली. कारण दिसलं तर बदलायचा त्या ग्रुपमध्ये १५९३, दर तिसऱ्या दिवशीच्या ग्रुपमध्ये १६९०. "मॅडम, एकास एक वाटलेत म्हणतात आणि ९७ चा फरक? काहीतरी गडबड आहे का?"

प्रश्न एकदम योग्य होता. ग्रुप असमान दिसले की शंका यायलाच पाहिजे, कारण कोणीतरी आधी बघून पेशंट हव्या त्या बाजूला टाकले असतील तर अख्खी ट्रायल गेली. पण पेपरमध्येच लिहिलंय की वाटप कॉम्प्युटरने काढलं, हॉस्पिटलप्रमाणे वेगवेगळं, वाटप होईपर्यंत लपवलेलं, आणि ब्लॉकिंग वापरलेलं नाही. ब्लॉकिंग म्हणजे दर चार किंवा सहा पेशंटमागे दोन्हीकडे सारखे पडतील अशी व्यवस्था. ती नसेल तर प्रत्येक पेशंट म्हणजे नाण्याची एक फेक. ३२८३ वेळा नाणं उडवलं तर छापा आणि काटा यांच्यातला फरक साधारण ३२८३ च्या वर्गमुळाएवढा हलतो, म्हणजे ५७. त्याच्या दुप्पट, ११५ पर्यंत, सहज होऊ शकतो. ९७ त्याच्या आत आहे. उलट ब्लॉक नसल्यामुळे पुढचा पेशंट कुठल्या ग्रुपला जाणार याचा अंदाज कोणालाच लावता येत नाही. म्हणजे जी गोष्ट दोष वाटत होती ती बऱ्यापैकी चांगल्या रँडमायझेशनची खूण निघाली. हे तिने स्लाईडवर घेतलं, आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त माना तिथेच हलल्या.

ब्लाईंडिंग नाही, मग काय

पेशंट, स्टाफ, रिसर्च नर्स, कोणालाच ब्लाईंड करता आलं नाही आणि लेखकांनी ते सरळ सांगितलंय. तिच्या ड्राफ्टमध्ये फक्त "ब्लाईंडिंग नाही, ही मर्यादा" एवढं होतं. मी म्हटलं अगं, एवढं तर कोणीही लिहील, चूक कुठल्या दिशेला जाईल ते सांग.

तर असं बघा. फ्लेबायटिसच्या लक्षणांत दुखणं आहे जे पेशंट सांगतो, आणि लाली आहे जी नर्स ठरवते. दोन्हीत मत शिरू शकतं. जी नर्स मनातून "जास्त दिवस ठेवला की बिघडणारच" असं मानते ती कारण दिसलं तर बदलायच्या ग्रुपमध्ये थोडी लालीसुद्धा मोजेल, मग त्या ग्रुपचे आकडे वाढतील. जिला नवीन पद्धत यावी असं वाटतं ती उलट करेल. यातलं नेमकं काय झालं हे बाहेरून सांगता येत नाही. पण दोन किंवा जास्त लक्षणं हवीत ही ठरलेली व्याख्या असल्याने मताला थोडा लगाम बसतो. आणि मृत्यू किंवा ब्लड कल्चरसारख्या आउटकमवर हा परिणाम फार कमी. म्हणजे ब्लाईंडिंग नसणं हे आउटकमप्रमाणे तोलायचं, अख्ख्या पेपरला एक शिक्का मारून चालत नाही.

११४ आणि ११४

आता मुख्य आकडा. फ्लेबायटिस दोन्ही ग्रुपमध्ये बरोबर ११४ पेशंटना. रिहर्सलला एक स्टाफ नर्स म्हणाली, "सिस्टर, टायपिंग मिस्टेक आहे का?" नाही, खरंच तेवढेच आहेत, पण खालची संख्या वेगळी म्हणून टक्के थोडे वेगळे. तिला कॅल्क्युलेटर घेऊन सगळ्यांसमोर काढायला लावलं. ११४ भागिले १५९३ म्हणजे ७.१६ टक्के. ११४ भागिले १६९० म्हणजे ६.७५ टक्के. फरक ०.४१ टक्के. त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असावा असं आकडे सांगतात तो, उणे १.३३ ते अधिक २.१५.

इथे पी व्हॅल्यू पूर्ण बाजूला ठेवायची. लेखकांनी आधीच ठरवलं होतं की फरक ३ टक्क्यांच्या आत राहिला तर पद्धती सारख्या मानू. मग बघायचं एवढंच की इंटरव्हलची दोन्ही टोकं त्या ३ च्या आत आहेत का. वाईटात वाईट टोक २.१५, म्हणजे आत. म्हणून इक्विव्हॅलन्स दाखवलं असं म्हणता येतं, आणि ते पी ०.६४ मुळे नाही. फळ्यावर एक आडवी रेघ, मध्ये शून्य, दोन्हीकडे ३ ची खूण, आणि मध्ये ती छोटी पट्टी, एवढ्या चित्राने ज्यांना स्टॅटिस्टिक्सची भीती वाटते त्यांनाही कळलं.

पण पुढचा प्रश्न तिने स्वतः काढला आणि मला फार बरं वाटलं. "३ टक्के कोणी ठरवले? ७ चे १० झाले तरी चालेल असं आपण म्हणू का?" हा स्टॅटिस्टिक्सचा प्रश्न राहत नाही, तो नर्सिंगचा आहे. शंभरात तीन पेशंटना जास्तीचा फ्लेबायटिस, त्या बदल्यात बाकीच्या कितीतरी जणांना एक टोचणं कमी. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या मला तीन जास्त वाटतात पण दोन चालतील, आणि इंटरव्हल २.१५ पर्यंत जातोय, म्हणजे त्यांच्यासाठी ही ट्रायल काठावर बसते. असं मत प्रत्येकीने आपापलं द्यायला हवं.

खरा फरक किती तासांचा

हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं आणि सारांश वाचून ते कळत नाही. तिसऱ्या दिवशी जे कॅन्युले अजून जागेवर होते त्यांचा सरासरी काळ बघा: कारण दिसलं तर बदलायच्या ग्रुपमध्ये ९९ तास, रुटीन ग्रुपमध्ये ७० तास. म्हणजे चार दिवस तीन तास विरुद्ध जेमतेम तीन दिवस. एकोणतीस तासांचा फरक. आणि ज्यांचा कॅन्युला तिसऱ्या दिवसाआधीच ब्लॉक होऊन किंवा निघून गेला त्यांच्यासाठी दोन्ही पद्धतींत काहीच वेगळं घडलं नाही, पण ते मोजणीत आहेतच, कारण ॲनालिसिस इन्टेन्शन टू ट्रीट आहे, म्हणजे ज्या ग्रुपला पेशंट पडला त्यातच तो मोजायचा, पुढे काहीही घडो.

नेहमीच्या ट्रायलमध्ये इन्टेन्शन टू ट्रीट ही सावध बाजू असते, कारण ती फरक कमी दाखवते. इक्विव्हॅलन्समध्ये मात्र फरक कमी दिसणं हेच लेखकांच्या बाजूचं. म्हणून अशा ट्रायलमध्ये पर प्रोटोकॉलचा, म्हणजे ठरलेली पद्धत खरंच पाळली गेली अशाच पेशंटचा, आकडाही शेजारी ठेवून बघायचा असतो. आणि निष्कर्ष काढताना "कॅन्युला कितीही दिवस ठेवा" असं म्हणायचं नाही. या ट्रायलने साधारण चार दिवसांबद्दल सांगितलंय. काही कॅन्युले त्याहून खूप जास्त टिकले हे खरं, पण आठव्या दिवसाबद्दल याच्या जोरावर बोलू नये.

शून्य म्हणजे शून्य नाही

कॅन्युलामुळे झालेलं रक्तातलं इन्फेक्शन: कारण दिसलं तर बदलायच्या ग्रुपमध्ये ०, रुटीन ग्रुपमध्ये १. तिने ड्राफ्टमध्ये लिहिलं होतं, "इन्फेक्शनचा धोका नाही". इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरनी तिथेच बोट ठेवलं.

एक सोपा हिशोब आहे. एखादी गोष्ट एवढ्या पेशंटमध्ये एकदाही झाली नाही, तर ३ ला पेशंटच्या संख्येने भागायचं, ती वरची मर्यादा. ३ भागिले १५९३ म्हणजे ०.१९ टक्के, साधारण ५३० पेशंटमागे एक. म्हणजे खरा धोका ५३० त एकापर्यंत असला तरी या ट्रायलमध्ये शून्य दिसू शकलं असतं. आणि मोठ्या हॉस्पिटलमध्ये वर्षाला किती कॅन्युले लागतात याचा विचार केला तर ५३० त एक ही छोटी गोष्ट नाही.

इथे जिनिव्हाच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलचा अनुभव जोडला. त्यांनी २०१८ मध्ये रुटीन बदल बंद केला, नंतर कॅन्युलामुळे होणारी रक्तातली इन्फेक्शनं वाढलेली दिसली, आणि रुटीन परत आणल्यावर खाली आली. २०२१ मध्ये ते छापून आलं, चार लाखांवर कॅन्युल्यांचा अभ्यास. ती आरसीटी नाही, आधी आणि नंतरची तुलना आहे, त्या काळात दुसरंही काही बदललं असू शकतं. पण दुर्मिळ धोका बघायला मोठी संख्याच लागते, आणि ती आरसीटीत मिळाली नव्हती. फक्त आरसीटी वरच्या दर्जाची म्हणून हा अभ्यास बाजूला ठेवला असता तर चूक झाली असती.

आपल्या वॉर्डात काय

ट्रायलमध्ये रिसर्च नर्स रोज पेशंटला भेटून साईट बघत होत्या. म्हणजे एका ग्रुपला मिळालेली गोष्ट फक्त "कॅन्युला न बदलणं" नव्हती, "रोज कोणीतरी नीट बघणं" हीसुद्धा होती. आमच्याकडे रात्री तीसेक पेशंटमागे एक स्टाफ असते. ७२ तासांचा नियम कितीही बोचरा असला तरी तो न बघितलेल्या कॅन्युल्याला कधीतरी बाहेर काढतो. नजर नसेल आणि नियमही काढून घेतला तर उरतं काय?

म्हणून प्रेझेंटेशनच्या आधी तिला म्हटलं वॉर्डात एक फेरी मार, फक्त बघ, काही लिहू नकोस. परत आली ती गप्प होती. बऱ्याच कॅन्युल्यांवर तारीखच नव्हती. एकावर तारीख होती पण डायनाप्लास्टवर बॉलपेनने लिहिलेली, घामाने पुसून निळा डाग राहिलेला, आणि पेशंटच्या मुलीलाच माहीत होतं की "परवा रात्री लावलाय". शेवटची स्लाईड तिने त्या संध्याकाळी बदलली.

निष्पत्ती

अंतिम प्रेझेंटेशन १४ स्लाईडचं झालं. शिफारस अशी: ट्रायल चांगली आहे, रँडमायझेशन भक्कम, फ्लेबायटिसपुरतं चार दिवसांपर्यंत कारण दिसलं तरच बदलणं चालतं. रक्तातल्या इन्फेक्शनबद्दल ती पुरेसं सांगत नाही. आमच्या वॉर्डात नियम आत्ता बदलायचा नाही, आधी प्रत्येक शिफ्टला साईट बघून व्हीआयपी स्कोअर, म्हणजे फ्लेबायटिसच्या लक्षणांना दिलेला आकडा, लिहिला जातो का ते बघायचं.

चर्चा जोरात झाली. दोन स्टाफ नर्स नाराज होत्या, त्यांना वाटत होतं आज नियम जाईल, आणि त्यांचं दुःख खोटं नव्हतं, टोचावं त्यांनाच लागतं. मधला मार्ग इनचार्ज सिस्टरनी काढला. एका वॉर्डात दोन आठवडे हँडओव्हर बुकात एक रकाना, कॅन्युला कधी लावला आणि आजचा स्कोअर किती. आणि ज्यांची शीर मिळत नाही अशा पेशंटचा कॅन्युला, साईट स्वच्छ असेल तर, डॉक्टरांना सांगून आणि लिहून, ७२ तासांपुढे ठेवायचा. इमर्जन्सीत घाईत, ॲसेप्सिस न पाळता लावलेला मात्र ४८ तासांच्या आत बदलायचाच. पहिल्या आठवड्यात रकाना रात्रपाळीला बहुतेक रिकामा राहिला, दुसऱ्या आठवड्यात भरायला लागला कारण इनचार्ज सिस्टर सकाळी तोच आधी बघायच्या.

परत करायचं झालं तर

वॉर्डाची फेरी मी पहिल्या दिवशी करायला लावेन, नवव्या दिवशी नाही. आपल्या वॉर्डातली नजर किती आहे हे माहीत असतं तर पेपर वाचतानाच "रोज कोण बघत होतं" हा प्रश्न पडला असता. इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरना रिहर्सलला बोलावलं ते नशीब, त्यांना खरं तर पेपर निवडतानाच विचारायला हवं होतं. रात्रपाळीची स्टाफ जर्नल क्लबला येऊच शकत नाही आणि निर्णय त्यांच्याबद्दल होतो, यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही, सध्या एक पानाचं मराठी हँडआउट ड्युटीरूममध्ये लावतोय. आणि ३ टक्क्यांची चर्चा मी आकडे दाखवायच्या आधी घेईन, प्रत्येकीला चिठ्ठीवर लिहायला लावेन की शंभरात किती जास्त चालतील. उत्तर दिसल्यावर मत आपोआप उत्तराकडे सरकतं, ते त्या दिवशी डोळ्यांसमोर घडलं.

पुढच्या महिन्यात तिनेच जिनिव्हाचा पेपर घेतलाय. पहिल्या स्लाईडवर सध्या एकच प्रश्न लिहिलाय तिने: २०१८ मध्ये तिथे नियम बदलला तेव्हा साईट बघणारं कोण होतं?